अवतरणाचा ऐलतट आणि पैलतट

आदरणीय मॅडम,

मी एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवर मी पंधराशे शब्दांचा निबंध लिहिला होता. सरांनी तो परत दिला तेव्हा समासात तीन ठिकाणी ‘अवतरण तरंगते आहे’ आणि शेवटी ‘हा सरळ अर्थ झाला, विश्लेषण कुठे आहे?’ असे लिहिलेले होते. माझा एक परिच्छेद पाठवते.

“‘औदुंबर’ ही एक सुंदर निसर्गकविता आहे. कवीने गावाचे हुबेहूब चित्र रेखाटले आहे. ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे / हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.’ या ओळींत कवी म्हणतो की एक पांढरी पायवाट शेतमळ्यांतून आडवीतिडवी जाते आणि पुढे हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाते. यातून कवीची निसर्गाविषयीची ओढ दिसून येते.”

अवतरण तरंगते म्हणजे काय, आणि अर्थ सांगून झाल्यावर आणखी काय लिहायचे असते, हे मला खरोखर कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

— एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

तुमच्या परिच्छेदातील एका साध्या शब्दापासून सुरुवात करते, कारण सरांच्या दोन्ही शेऱ्यांचे मूळ मला त्याच शब्दात दिसते. तो शब्द म्हणजे ‘जाते’. पायवाट शेतमळ्यांतून ‘जाते’ आणि पुढे डोहाकडे ‘जाते’, असे तुम्ही लिहिले आहे. बालकवींच्या ओळींत मात्र ‘जाते’ हे क्रियापद एकदाही आलेले नाही. तिथे पायवाट एका ओळीत ‘पडे’ आणि दुसऱ्या ओळीत ‘चालली’. कवीने दोन जागी दोन निराळी क्रियापदे योजली होती, आणि अर्थ सांगता सांगता तुम्ही ती दोन्ही एकाच सपाट क्रियापदात विरघळवून टाकलीत. ज्याच्याविषयी लिहायला हवे होते नेमके तेच अर्थ सांगताना नाहीसे झाले, आणि मग लिहायला काही उरले नाही म्हणून ‘निसर्गाविषयीची ओढ’ हे कोणत्याही निसर्गकवितेला चालणारे वाक्य शेवटी आले.

पुढचे सगळे विवेचन मूळ आठ ओळींना धरून करायचे आहे, म्हणून कविता पूर्ण देते.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आता ‘पडे’ या शब्दापाशी थोडे थांबा. मराठीत रस्ता बांधतात, पण पायवाट पडते. माणसे रोज एकाच ठिकाणाहून ये-जा करतात, पायाखालचे गवत मरते, माती घट्ट होते, आणि सगळे रान हिरवेगार असले तरी तेवढी रेघ पांढुरकी राहते. तेव्हा आपण म्हणतो की इथे वाट पडली आहे. म्हणजे ‘पांढरी’ आणि ‘पडे’ हे दोन्ही शब्द, माणसांचा उल्लेखही न करता, त्यांच्या अनेक वर्षांच्या पावलांविषयी बोलत आहेत. त्यानंतर लगेच ‘चालली’ येते. एरवी वाट चालतो तो माणूस. आपण ‘मी दोन कोस वाट चाललो’ असे म्हणतो. इथे चालणारी वाट स्वतःच आहे. तिच्यावर एकही माणूस दिसत नाही.

तुमच्या ‘आणखी काय लिहायचे’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ओळीत काय घडते हे सांगणे म्हणजे सरळ अर्थ, आणि ते सांगायला हाच शब्द का, त्या शब्दाने काय साधले, हे सांगणे म्हणजे विश्लेषण. शाळेपासून आपण ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ लिहीत आलो, ‘या ओळींतून कवीला असे सांगायचे आहे की’ अशी सुरुवात करत आलो, आणि त्या उत्तरांना गुणही मिळत गेले. त्या प्रश्नप्रकारात विद्यार्थ्याला ओळ समजली आहे का, एवढेच तपासायचे असते. एम. ए.च्या निबंधात तुम्हाला ओळ समजते हे गृहीतच धरलेले असते. तपासणाऱ्यापुढे कविता उघडी असते, आणि तिच्यातलाच मजकूर गद्यात पुन्हा वाचायला मिळाला की त्याच्या हाती नवे काहीच लागत नाही.

शब्दाचे काम ओळखायची एक रीत मी वर्गात वर्षानुवर्षे वापरली आहे. ज्या शब्दावर तुमचा संशय असेल तो काढा आणि त्याच्या जागी मात्रांत बसणारा दुसरा, ढोबळ अर्थ तोच ठेवणारा शब्द घाला. ‘चालली’च्या जागी ‘जातसे’ घालून पाहा: ‘हिरव्या कुरणामधुनि जातसे काळ्या डोहाकडे’. चाल बिघडली नाही, चित्रही तेच राहिले, आणि तुमच्या परिच्छेदातला सरळ अर्थ तर या बदललेल्या ओळीलाही जसाच्या तसा लागू पडतो. मग हरवले काय? चालणे हरवले, आणि चालण्याबरोबर पाय हरवले. शेवटच्या ओळीत औदुंबर ‘पाय टाकुनी जळात’ बसलेला आहे; ‘पायवाट’, ‘चालली’ आणि ‘पाय टाकुनी’ हा तीन जागी विणलेला धागा ‘जातसे’ने मधेच तुटतो. हे तुटणे तुम्ही शब्दांत मांडलेत की विश्लेषणाचे पहिले वाक्य तयार झाले. अदलाबदल करूनही काही हरवत नसेल, तर त्या शब्दाचा नाद सोडावा आणि दुसऱ्याकडे वळावे. ‘झरा वाहतो’ यातल्या ‘वाहतो’वर अर्धे पान लिहिण्यासारखे मला काही सापडत नाही, झऱ्याने वाहावे हे साहजिक आहे, आणि तिथे ओढूनताणून खोल अर्थ काढला तर वाचणाऱ्याचा तुमच्यावरचा विश्वास कमी होतो.

ही अदलाबदल आणखी दोन-तीन जागी करून पाहिल्यावर तुमच्या हाती निबंधाचा मुद्दाच येईल. ‘गर्दी’ हा शब्द घ्या. गर्दी बाजारात होते, जत्रेत होते. ती माणसांची असते. इथे गाव ‘चार घरांचे’ आणि ‘चिमुकले’ आहे, त्यातले एकही माणूस आपल्याला दिसत नाही, आणि ‘गर्दी’ मात्र शेतमळ्यांची आहे. ‘बसला’ घ्या. झाड उभे असते, वाकते, फार तर झुकते. पाण्यात पाय सोडून बसतो तो माणूस. गर्दी करणे, चालणे, पाय सोडून बसणे, ही माणसाची तीन कामे या आठ ओळींत शेत, वाट आणि झाड यांच्याकडे गेली आहेत. घर, शेत आणि पायवाट या माणसाच्या खुणा आहेत, पण माणूस नाही. ‘औदुंबर ही सुंदर निसर्गकविता आहे’ या वाक्याशी कोणी वाद घालणार नाही, आणि म्हणूनच त्याच्या आधाराला अवतरणाची गरज पडत नाही. ‘माणसाच्या क्रिया निसर्गाकडे देऊन ही कविता माणसाचे नसणे जाणवून देते’ असे लिहिले, तर वाचणारा लगेच विचारील की हे कुठे दिसते. तसा प्रश्न विचारला जाईल अशा जागीच अवतरण यायला हवे.

आता तरंगण्याकडे येते. तुमच्या परिच्छेदात ‘हुबेहूब चित्र रेखाटले आहे’ या वाक्यापाशी पूर्णविराम आहे, त्यानंतर दोन ओळी एकदम येतात, आणि त्यांच्यापुढे तुमचे नवे वाक्य सुरू होते. त्या ओळी तुमच्या कोणत्याच वाक्याचा भाग नाहीत. सर ‘तरंगते’ म्हणतात ते यालाच. त्या तिथे का आल्या, कवितेत कुठे येतात, त्यांत काय पाहायचे, हे वाचणाऱ्याला आधी कळलेले नाही. ‘तयांतुनि’ हा शब्द याचा अगदी जवळचा पुरावा आहे. ‘त्यांतून’ म्हणजे कशांतून? उत्तर आधीच्या ओळीतल्या शेतमळ्यांत आहे, आणि ती ओळ तुम्ही घेतलेली नाही. कवितेतून ओळ उचलली की तिच्यातली अशी सर्वनामे पोरकी होतात, आणि त्यांचा आधार तुमच्या वाक्याने पुरवावा लागतो. ‘शेतमळ्यांची गर्दी मागे टाकून वाट बाहेर पडते तेव्हा’ एवढे शब्द आधी आले की ‘तयांतुनि’ला जागा मिळते. अवतरणाची ओळख करून देणाऱ्या शब्दांचे पहिले काम हेच आहे. सातव्या ओळीबाबत हा धोका आणखी मोठा आहे: ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’ एवढीच ओळ उचलली, तर हा काळिमा पसरतो कोण हे कळतच नाही. माझ्या वाचनात त्या क्रियेचा कर्ता आठव्या ओळीच्या अगदी शेवटी येणारा ‘औदुंबर’ आहे. कर्ता इतक्या उशिरा यावा अशी रचना कवीने केलेली आहे. ओळ तोडताना तुम्ही ती मोडू नये, आणि तोडायचीच झाली तर कर्ता आपल्या वाक्यात आधी सांगून टाकावा.

ओळख करून देणाऱ्या शब्दांचे दुसरे काम म्हणजे त्या ओळी काय करत आहेत हे क्रियापदातून सांगणे. ‘कवी म्हणतो की’ हा आपल्या सर्वांच्या हाताला बसलेला शब्दप्रयोग आहे, पण या कवितेत कोणी काही म्हणत नाही. तिच्यात ‘मी’ नाही, संबोधन नाही, उद्गार नाही. एक नजर ऐलतटावरून निघते, पैल टेकडीकडे जाते, शेतांतून आणि कुरणातून खाली उतरते आणि पाण्याशी येऊन थांबते. म्हणून इथे ‘नजर वळते’, ‘कविता वाटेच्या मागोमाग उतरते’, ‘बालकवी दोन क्रियापदे शेजारी ठेवतात’, ‘शेवटच्या ओळीत चित्र स्थिरावते’ अशी वाक्ये खरी ठरतात. ज्या कवितेत कोणी बजावतो, विनवतो, नाकारतो किंवा कबूल करतो, तिथे तीच क्रियापदे वापरावीत. ‘म्हणतो’ फक्त म्हणण्यासाठी राखून ठेवावे. आणखी एक: आपण बालकवींचा उल्लेख आदरार्थी करतो, तेव्हा एका वाक्यात ‘बालकवी योजतात’ आणि पुढच्यात ‘कवी म्हणतो’ असे होऊ देऊ नये. एक रूप ठरवावे आणि ते शेवटपर्यंत सांभाळावे.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे अवतरण गुंफताना आपल्यापुढे एक खास अडचण उभी राहते. ‘बालकवी’ हा कर्ता आधी, मग दोन पूर्ण ओळी, आणि त्यांच्या शेवटी ‘असे वर्णन करतात’ अशी रचना केली, तर वाचणाऱ्याला कर्ता हातात धरून दोन ओळींचे अंतर कापावे लागते आणि क्रियापद येईपर्यंत तो कर्ता विसरतो. अवतरण दोन-चार शब्दांचे असेल तर ते वाक्याच्या पोटात सहज मावते: ‘निळासावळा’ झरा बेटाबेटांतून वाहत असताना गाव मात्र दूर, ‘पैल टेकडीकडे’ राहिलेले आहे. पूर्ण ओळ किंवा दोन ओळी घ्यायच्या असतील, तर आपले वाक्य क्रियापदासह आधी पूर्ण करावे, अपूर्णविराम द्यावा आणि मग ओळी द्याव्यात. दोन ओळी आपल्याच परिच्छेदात तिरप्या रेघेने तोडून चालतात. तीन किंवा अधिक असल्या तर त्या स्वतंत्र, समास सोडून, अवतरणचिन्हांशिवाय मांडाव्यात. पण आठ ओळींच्या कवितेवरच्या निबंधात चार ओळी एकदम उतरवण्याची वेळ क्वचितच यावी.

विभक्तीची अडचण याहून नाजूक आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अवतरणचिन्हांतला शब्द जसाच्या तसा हवा, आणि मराठी वाक्य तर शब्दाला प्रत्यय मागते. ‘पायवाट “काळा डोह”ला मिळते’ असे लिहिणे दोन्हीकडून चुकते: मराठी बिघडते, आणि ‘काळा डोह’ हे शब्द त्या रूपात कवितेत नाहीतही. मूळ रूप प्रत्ययासकट उचलावे आणि आपले वाक्य त्याच्याभोवती रचावे: ‘काळ्या डोहाकडे’ निघालेली ही वाट. ‘“हिरव्या गर्दी”तून’ असेही लिहू नये, कारण मूळ रूप ‘हिरवी’ आहे. ‘गर्दी’ हा शब्द प्रत्ययापूर्वी बदलत नाही, म्हणून हिरव्या ‘गर्दी’तून असे लिहिता येते. काहीच जमले नाही तर ‘या शब्दाला’, ‘या ओळीत’, ‘या क्रियापदाने’ अशी टेकू देणारी रचना आपल्याकडे आहेच. प्रत्यय तिच्यावर जातो आणि कवीचा शब्द अबाधित राहतो.

या सगळ्याला धरून तुमचा परिच्छेद मी पुन्हा लिहून पाहिला. तो उतरवून घेण्यासाठी नाही. अवतरणाच्या आधी आणि नंतर काय आले आहे हे पेन्सिलीने खुणा करून पाहण्यासाठी आहे.

“‘औदुंबर’मध्ये माणसाची घरे आहेत, त्याने पिकवलेली शेते आहेत, त्याच्या पावलांनी पडलेली वाटही आहे; माणूस मात्र कुठेही दिसत नाही. ‘चार घरांचे गाव’ ओलांडून नजर पुढे येते तेव्हा तिला जी ‘गर्दी’ भेटते ती शेतमळ्यांची असते. त्या शेतमळ्यांतून वाट बाहेर पडते तिथे बालकवी दोन ओळींत दोन निराळी क्रियापदे ठेवतात: ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे / हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.’ वाट पडते ती माणसांच्या येण्याजाण्याने. त्यामुळे ‘पडे’ या क्रियापदात ती पावले अजून शिल्लक आहेत. पुढच्या ओळीत मात्र ‘चालली’ची कर्ती वाट स्वतः होते. चालण्याची क्रिया राहते आणि चालणारा नाहीसा होतो. हे चालणे डोहाशी संपते, आणि तिथे पाय दिसतात ते झाडाचे: औदुंबर ‘पाय टाकुनी जळात बसला’ आहे. गावापासून सुरू झालेल्या वाटेच्या टोकाला ज्याने बसायचे त्या माणसाची जागा अशा रीतीने झाडाने घेतली आहे.”

या परिच्छेदातही दोन ओळींचा सरळ अर्थ आलेला आहे, पण त्याच्यासाठी वेगळे वाक्य खर्ची पडलेले नाही. ‘त्या शेतमळ्यांतून वाट बाहेर पडते तिथे’ एवढ्यात तो मावला. अवतरणानंतरचे प्रत्येक वाक्य ओळीतला एखादा शब्द पुन्हा हातात घेते. ही तपासणी तुम्ही घरी करू शकता: अवतरणानंतरच्या दोन-तीन वाक्यांत मूळ ओळीतला एकही शब्द पुन्हा आला नसेल, तर बहुधा तुम्ही ओळीपासून दूर सरकलेल्या असता. आणि अवतरण काढून टाकले तरी परिच्छेद जसाच्या तसा उभा राहत असेल, तर ते अवतरण तिथे नको होते. तुमच्या मूळ परिच्छेदातून त्या दोन ओळी काढून पाहा. एकही वाक्य अडणार नाही.

याच्या पुढची चूक हुशार विद्यार्थ्यांकडून होते, म्हणून आधीच सांगून ठेवते. पांढऱ्या वाटेने काळ्या डोहाकडे जाणे म्हणजे मृत्यूकडे जाणे, असा अर्थ या कवितेतून काढण्याचा मोह होतो, आणि बालकवी 1918 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वे अपघातात गेले हे ठाऊक असले की तो मोह अनावर होतो. पण कवीच्या आयुष्यात पुढे काय घडले हा ओळीतल्या शब्दाचा पुरावा होत नाही. पुरावा हवा तो आठ ओळींतच शोधावा, आणि शोधायला गेलात की ‘गोड’ हा शब्द वाटेत उभा राहतो. लाटांवर पसरतो तो ‘गोड काळिमा’ आहे. निबंधात ‘गोड’ गाळून फक्त ‘काळिमा’ उचलला, किंवा मधे टिंबे देऊन ओळ जोडली, तर तुमचा मुद्दा सोपा होतो, पण अवतरण अप्रामाणिक होते. जो शब्द आपल्या मुद्द्याच्या आड येतो तोच अवतरणात ठेवावा आणि त्याच्याशी झुंजावे. हा काळोख भीतीचा असता तर ‘गोड’ कशाला आला असता? तो विसाव्याचा आहे का? झाडाखालच्या सावलीचा आहे का? मला स्वतःला मृत्यूचा अर्थ अशक्य वाटत नाही, पण तो मांडायचा तर ‘गोड’ला पोटात घेऊन मांडावा लागेल. अशा ठिकाणी ‘सिद्ध होते’, ‘स्पष्ट होते’ ही क्रियापदे टाळावीत. दोन शब्दांच्या आधारावर ‘सुचवते’ किंवा ‘असे वाचता येते’ इतकेच म्हणण्याचा अधिकार आपल्याला असतो.

या कवितेत नुसते निसर्गचित्र आहे की औदुंबर हे प्रतीक आहे, यावर समीक्षकांत मतभेद झालेले आहेत, आणि तुम्ही त्यांची अवतरणे घ्यालच. तिथे ‘समीक्षकांच्या मते’ असे मोघम लिहू नये; कोणाचे मत, कोणत्या लेखातले, आणि ते कवितेतल्या कोणत्या शब्दावर उभे आहे, हे ओळख करून देणाऱ्या वाक्यातच यावे. समीक्षकाचे वाक्य हा तुमच्या मुद्द्याचा शेवट नसतो. त्याच्यानंतर तुमचे वाक्य यायलाच हवे, मग ते सहमतीचे असो, मर्यादा दाखवणारे असो किंवा त्याने न पाहिलेला शब्द पुढे करणारे असो. परिच्छेद दुसऱ्याच्या अवतरणावर संपवला की शेवटचा शब्द त्याचा राहतो.

राहिला शुद्धलेखनाचा भाग. ही कविता 1962 च्या लेखननियमांपूर्वीची आहे. जुन्या प्रतींत ‘झांकळुनी’, ‘जळांत’ अशी अनुस्वारयुक्त रूपे दिसतात आणि नव्या छपाईत ती पुष्कळदा बदललेली असतात. तुम्ही जी प्रत वापरता तिच्यातली रूपे अक्षरशः उतरवावीत, दोन प्रतींची सरमिसळ करू नये, आणि ‘तयांतुनि’मधला ऱ्हस्व ‘नि’ आपल्या सवयीने दीर्घ करू नये, कारण तिथे मात्रा बदलते. तुम्ही अवतरणात ‘अडवीतिडवी’ बरोबर उतरवले आहे आणि आपल्या वाक्यात ‘आडवीतिडवी’ लिहिले आहे. तुमच्या गद्यात ते योग्यच आहे. निबंध पुन्हा लिहिताना ते अवतरणचिन्हांच्या आत शिरणार नाही एवढे पाहा. सरांनी खूण केलेली उरलेली दोन अवतरणेही याच रीतीने तपासा: आधी पोरके झालेले सर्वनाम किंवा हरवलेला कर्ता शोधा, मग तुमच्या सरळ अर्थात बदललेले क्रियापद शोधा, आणि त्या क्रियापदाविषयी तीन वाक्ये लिहून पाहा.